आधी आवाज, मग पाया

(आपल्या दिंडीच्या शंभराव्या वारीत सात रस्ता, सोलापूर येथील मुक्कामी रात्री हरिपाठानंतर केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)

मंडळी, आज कीर्तन नाही. अध्यक्षांनी सांगितलं, शंभर वर्षांच्या निमित्तानं प्रत्येकानं दिंडीतली एक गोष्ट सांगावी, जी पुढच्या पोरांना उपयोगी पडेल. कुणी अन्नदानाचं सांगितलं, कुणी पताक्यांचं सांगितलं. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस, मला पुस्तकातलं काही येत नाही. मी एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. चूक माझी आहे आणि ती इथंच, ह्या सात रस्त्यावर झालेली आहे. बारा वर्षं झाली त्याला.

आपले गायक बुवा समोर बसलेत. त्यांना मी गावाकडंच विचारलं होतं, "बुवा, ही गोष्ट चार लोकांत सांगू का?" ते म्हणले, "सांगा, पण सगळी सांगा. अर्धी सांगून स्वतःला झाकू नका." म्हणून सगळी सांगतो.

बुवांना लहानपणी देवी आल्या, त्यात दोन्ही डोळे गेले. हे तुम्हाला ठाऊक आहे. दिंडीत चालताना ते कुणाच्या तरी दंडाला धरून अर्धं पाऊल मागं चालतात. आपण त्यांना धरायचं नसतं, त्यांनी आपल्याला धरायचं असतं. त्या वर्षी मी त्यांच्या जोडीला होतो. होटगी रोडानं सकाळी आपण सोलापुरात आलो, सात रस्त्याला चहाला थांबलो. सात रस्ता म्हणजे तुम्ही बघताच आहात. एक वाट स्टेशनाकडं जाती, एक रंगभवनाकडं, एक विजापूर रोडाला लागती, आणि सगळीकडनं रिक्षा, एस्ट्या, फटफट्या. डोळस माणूससुद्धा मधोमध गेला तर दोन मिनिटं गांगरतो.

एका बंद दुकानाच्या पायरीवर मी बुवांना बसवलं आणि शेजारी उभा राहिलो. चहा यायचा होता. बुवा हळू आवाजात मला त्यांच्या घरचं सांगायला लागले. थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांनी अडीच एकर रान गहाण टाकलं होतं आणि ते सोडवायची मुदत जवळ आली होती. घरात बायको सोडून कुणालाही माहीत नव्हतं. माझ्याकडून त्यांना पैसे नको होते, सल्ला पाहिजे होता.

एवढ्यात पलीकडून मला आमच्या पाहुण्यांनी हात केला. मी बघितलं आणि गेलो. काही बोललो नाही. मनात म्हणलं, दोन मिनिटांत येऊ, बुवांचं बोलणं कशाला तोडा. बघा, मला ते सभ्यपणाचं वाटलं. डोळस माणसाशी बोलताना मी असा उठून गेलो असतो का? गेलो असतो तरी त्याला माझी पाठ दिसली असती आणि तो गप्प बसला असता. बुवांना माझी पाठ दिसत नव्हती. ते बोलतच राहिले.

आणि पुढचं ऐका. माझी जागा मोकळी झाली तिथं आपल्याच दिंडीतला एक टाळकरी येऊन उभा राहिला. नाव सांगत नाही, आता तो हयात नाही आणि मनानं वाईट नव्हता. बुवा बोलतायत म्हणून तोही आदरानं गप्प उभा राहिला. बुवांना पायांची चाहूल लागली, कपड्यांची सळसळ लागली, त्यांना वाटलं मीच आहे. सावकाराचं नाव, रक्कम, मुदत, सगळं त्यांनी त्या माणसाला सांगितलं. शेवटी म्हणले, "मग काय करावं, बोला की." तेव्हा तो टाळकरी म्हणला, "बुवा, मी नव्हे, ते पलीकडं गेलेत."

मी परत आलो तेव्हा बुवा पायरीवर ताठ बसले होते. चहा गार झाला होता. त्यांना उठून जायचं होतं, पण सातीकडून गाड्यांचा आवाज येत असल्यावर तोंड कुठं आहे तेच कळत नाही. एकच रस्ता असला तर गाड्यांच्या आवाजावर दिशा धरता येती. इथं ती सोय नाही. म्हणून ते बसून राहिले. मला एवढंच म्हणले, "आलात का?"

संध्याकाळी तिऱ्ह्याच्या मुक्कामाला पोचेपर्यंत बुवांच्या गहाणाची गोष्ट पंगतीत पोचली होती. त्या रात्री त्यांनी चाल लावली नाही. आजारी आहे म्हणून सांगितलं. मंगळवेढ्यापर्यंत ते माझ्या दंडाला धरून चालले, पण कामापुरतंच बोलले. दंड धरल्याशिवाय त्यांना चालता येत नव्हतं म्हणून धरला होता, हे मला त्या हाताच्या पकडीवरनं कळत होतं.

माचणूरला भीमेच्या घाटावर मी त्यांची माफी मागितली. ते म्हणले, "माफी राहू द्या. तुम्ही लोक माझ्याशी कसं वागता ते मी आज सांगतो, मग ठरवा." तिथं बसून त्यांनी जे सांगितलं तेच मी आज तुम्हाला देणार आहे. माझं त्यात काही नाही.

पहिली गोष्ट पाया पडण्याची. आपल्या संप्रदायात लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ही आपली रीत. पण बुवा म्हणले, "मी बसलेला असतो. अचानक कुणाचे तरी हात माझ्या पायाला लागतात. मी दचकतो. कुत्रं आहे का, पोरगं आहे का, कुणाचा धक्का लागला का, काही कळत नाही. कळेपर्यंत माणूस उठून गेलेला असतो. मी उलटं पाया पडायला वाकतो तर समोर कुणीच नसतं, हात मातीला लागतात. लोक बघतात आणि म्हणतात, बुवांचा केवढा भाव! मला पुण्य नको, मला कोण आलं होतं ते सांगा."

म्हणून आधी आवाज, मग पाया. दोन-तीन पावलं लांब असतानाच बोलायचं. अगदी कानाशी येऊन एकदम बोललं तरी माणूस दचकतो. आणि नुसतं "रामकृष्ण हरी" म्हणून भागत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मला वाटायचं, बुवा गवई माणूस, आवाजावरून सगळ्यांना ओळखत असतील. ते म्हणले, "बोललेल्या चार वाक्यांवरून ओळखतो. पण 'रामकृष्ण हरी' तुम्ही सगळे एकाच सुरात, एकाच ठेक्यात म्हणता. त्यात माणूस सापडत नाही. आणि वारीच्या चौथ्या दिवशी तर सगळ्यांचेच घसे बसलेले असतात."

तसंच "माऊली" ह्या शब्दाचं. आपण सगळ्यांनाच माऊली म्हणतो. चहावाला माऊली, रिक्षावाला माऊली, पोलीस माऊली. गर्दीत कुणी "या माऊली, बसा माऊली" म्हणलं तर डोळस माणूस बघतो की हा मला म्हणतोय का मागच्याला. बुवांनी कसं समजायचं? दोनदा ते दुसऱ्याला दिलेल्या हाकेला उत्तर देऊन बसले आणि पोरं हसली. तेव्हापासून माऊली म्हणून कुणी हाक मारली तर ते गप्पच बसायचे. लोक म्हणायचे, बुवा हल्ली कुणाशी बोलत नाहीत.

तर आधी त्यांचं नाव घ्यायचं, म्हणजे हाक आपल्यालाच आहे हे त्यांना कळतं. मग आपलं नाव. आणि नाव असं सांगायचं की उलगडा झाला पाहिजे. आपल्या दिंडीत तीन नामदेव आहेत. "बुवा, मी नामदेव" म्हणलं तर त्यांनी तिघांतला कोणता धरायचा? "बुवा, मी नामदेव, पाण्याच्या टँकरवरचा" असं म्हणावं. बरोबर आणखी कुणी असलं तर तेही सांगायचं. "माझ्याबरोबर माझी बहीण आहे, तुमच्या डाव्या हाताला उभी आहे." मग तिनंही एक शब्द बोलावा, म्हणजे तिचा आवाज कुठून येतो ते समजतं. न सांगता तिसरा माणूस उभा राहणं म्हणजे काय होतं, ते मी आत्ताच सांगितलं.

आता एक खोड सांगतो, ती आपल्यात फार आहे. हात धरायचा आणि विचारायचं, "ओळखा बघू बुवा मी कोण?" सासरवाडीचे पाहुणे, वर्गातले सोबती, सगळ्यांनाच ही हौस. बुवा म्हणले, "दिवसातून दहा वेळा माझी परीक्षा घेतात. ओळखलं तर टाळ्या वाजवतात, जशी अस्वलाला वाजवतात. चुकलं तर समोरचा नाराज होतो की आम्हाला विसरलात. तुम्ही डोळसाला तोंड झाकून विचारता का, ओळखा म्हणून?"

ह्याला आपल्यात एक मोठं कारण चिकटवलेलं आहे. आपण म्हणतो, त्यांना अंतरीचे डोळे आहेत, त्यांना सगळं कळतं. गुलाबराव महाराजांचं उदाहरण देतात. महाराज १८८१ साली अमरावती जिल्ह्यात जन्मले, तान्हे असतानाच त्यांची दृष्टी गेली, आणि १९१५ साली देह ठेवला. वयाची पस्तिशीसुद्धा भरली नव्हती. तेवढ्यात केवढी ग्रंथरचना! स्वतःला ते ज्ञानोबांची कन्या मानायचे. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात, बरोबरच आहे. पण त्यांना ग्रंथ कोण वाचून दाखवायचं? जवळची माणसं. त्यांनी सांगितलेलं लिहून कोण घ्यायचं? जवळची माणसं. एवढ्या थोर बुद्धीच्या पुरुषालासुद्धा दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दाची गरज होती. मग आपल्या बुवांना तुमचं नाव न सांगता कसं कळावं? मी स्वतः कीर्तनात कितीदा अंतर्दृष्टीवर तासभर बोललोय आणि खाली उतरल्यावर बुवांच्या शेजारून मुकाट निघून गेलोय. ते त्यांनी मला घाटावर तोंडावर सांगितलं. तेव्हापासून तो दृष्टांत मी कीर्तनातून काढून टाकला.

बरं, नाव सांगायचं म्हणजे ओरडायचं नाही. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. आणि त्यांच्याबद्दल त्यांच्या जोडीदाराला विचारायचं नाही. "बुवा चहा घेतील का?" असं मला विचारतात. अहो, बुवा इथंच आहेत, त्यांना विचारा.

टाळमृदंग चालू असताना मात्र नुसता आवाज उपयोगाचा नाही. पन्नास टाळ वाजत असताना दोन पावलांवरची हाक ऐकू येत नाही. तिथं काय करायचं, तेही बुवांनीच ठरवून दिलं. आपल्या हाताची पाठ त्यांच्या हाताच्या पाठीला हलकी लावायची आणि तिथंच ठेवायची. मग ते कान वाकडा करतात, तेव्हा नाव सांगायचं. मनगट धरायचं नाही, खांद्यावर मागून थाप मारायची नाही. टाळ वाजवत असतील तर हाताला लावू नका, हाताला धक्का लागून ठेका चुकतो. दंडाला बाहेरच्या बाजूनं लावा. आणि अगदी निकडीचं नसलं तर अभंग संपेपर्यंत थांबा की.

आता जाण्याचं. माझी चूक ह्यातलीच.

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. सप्ताहात वीणेचा पहारा असतो. वीणेकरी उभा असतो. त्याची वेळ संपली, त्याला तहान लागली, घरून बोलावणं आलं, तरी तो वीणा खुंटीला अडकवून निघून जातो का? नाही. दुसरा समोर येतो, पहिला आपल्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, मग पहिला जातो. मध्ये क्षणभरसुद्धा वीणा बिनधन्याची राहत नाही. बुवा मला म्हणले, "महाराज, तुम्ही लाकडाच्या वीणेला सांगून जाता आणि मला न सांगता जाता." मला त्यावर उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही.

तर निघताना बोलायचं. "बुवा, मी जरा पलीकडं जाऊन येतो, पाचएक मिनिटं लागतील." बोलणं मध्येच तोडावं लागलं तरी चालेल. तोडलेलं बोलणं पुन्हा जोडता येतं, पण हवेशी बोललेलं लोकांनी बघितलं की माणसाला लाज वाटती, ती जात नाही. बोलून मग सांगायचं की शेजारी कोण आहे, का कुणीच नाही. कुणी नसलं तर तसंच सांगायचं, त्यात वाईट काही नाही. आणि मोकळ्या जागेत उभं करून कधी जायचं नाही. भिंत, खांब, ओटा, झाडाचं खोड, काहीतरी हाताला लावून द्यायचं. "ही तुमच्या उजव्या हाताला भिंत आहे, रस्ता पाठीमागं आहे." हात कशाला तरी टेकलेला असला म्हणजे माणूस धीरानं थांबतो. मधोमध उभा केला तर त्याला जगाचा अंदाज लागत नाही.

परत आल्यावर पुन्हा नाव सांगायचं. हे लोक हमखास विसरतात. त्यांना वाटतं, आत्ताच तर सांगून गेलो होतो. पण मधल्या वेळात चार माणसं शेजारून गेलेली असतात. "बुवा, आलो मी" हेही पुरत नाही, कारण "मी" सगळेच असतात.

आता ह्याचा अतिरेकही नको. त्या वारीनंतरच्या वर्षी मी इतका सावध झालो की दर वेळी "बुवा, मी महाराज, आता इकडं वळलो, आता पाणी पितो" असं चालू केलं. तिसऱ्या दिवशी बुवा म्हणले, "अहो, तुम्ही शेजारी चालताय हे मला दंडावरनं कळतंय, जरा विठ्ठलाचं नाव घेऊ द्या." घरात चोवीस तास वावरणाऱ्या बायकोनं दर खेपेला नाव सांगायची गरज नसती, तिच्या बांगड्यांवरनं आणि पावलावरनं कळतं. कळतंय की नाही ते त्यांनाच विचारावं. एकदा विचारून घेतलं की झालं. आणि सगळेच बुवांसारखे नसतात. काहींना उजेड कळतो, काहींना समोरचं दिसतं पण बाजूचं दिसत नाही, काहींना दिवसा दिसतं आणि दिवेलागणीनंतर दिसत नाही. माणूस काठीशिवाय चालतोय म्हणजे त्याला तुमचं तोंड ओळखू येतंय असं धरू नका.

हे मी का सांगतोय, तर माझ्या घरात तेच घडलं. माझी आई शेवटची काही वर्षं शेजारपाजारच्यांना ओळख देत नव्हती. दारावरून कुणी गेलं तर बोलायची नाही. लोक म्हणायचे, म्हातारीला पोराच्या कीर्तनाचा गर्व झाला. आम्हीसुद्धा तिला रागवायचो. पुढं डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, कडेकडेनं नजर गेलेली आहे, गेलेली परत येणार नाही. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कडेची नजर हळूहळू जाते, म्हणून खुद्द माणसालाही लवकर समजत नाही, आणि समजलं तरी म्हातारी माणसं बोलत नाहीत, कारण मग चुलीपुढून उठवतील, वारीला नेणार नाहीत. तेव्हा बुवांकडून शिकलेलं मी घरात लावलं. सुनांना सांगितलं, आईच्या समोर गेलं की आधी आपलं नाव घ्या, "आत्याबाई, मी धाकटी." दोन महिन्यांत आई पुन्हा दारात बसून बोलायला लागली. नजर तेवढीच होती.

आता दिंडीचं सांगतो. त्या वर्षापासून आपण एक नेम केला, पण तो लगेच बसला नाही. पहिल्या वर्षी लोकांनी त्याची गंमत केली, मुद्दाम लांबून ओरडून नाव सांगायचे. दुसऱ्या वर्षी टाळकऱ्यांनी आपणहून चालू केलं. आता पंगतीत वाढणारी पोरंसुद्धा सांगतात, "बुवा, मी अमक्याचा नातू, आमटी वाढतोय, उजवीकडून." गरम आमटी न सांगता वाढली आणि त्याच वेळी हात पुढं आला तर काय होतं, तेही आपण एकदा बघितलेलं आहे, वेळापूरकडच्या एका वारकरी बाईच्या हातावर. त्या आपल्या दिंडीत पाहुण्या आल्या होत्या. त्यांनाही दिसत नव्हतं. बायकांच्या पंगतीत हा नेम अजून नीट पोचलेला नाही, हे मी इथं मुद्दाम बोलतो. तुळशीवाल्या माऊल्यांनी तेवढं मनावर घ्या.

बुवांचं रान सुटलं. दिंडीनं वर्गणी केली नाही, कारण बुवांनी ती घेतली नाही. त्यांनी दोन वर्षं भजनाच्या शिकवण्या केल्या आणि मुलीच्या सासऱ्यांनी मुदत वाढवून घ्यायला मदत केली. तो सल्ला मी द्यायला पाहिजे होता, तो मला सात रस्त्यावर उभं राहून ऐकतासुद्धा आला नाही. पुढं त्यांनी मला घरचं काही सांगितलं का? सांगितलं, पण पाच-सहा वर्षांनी. तोपर्यंत कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी ते हात पुढं करून माझा दंड चाचपायचे आणि विचारायचे, "महाराज, तुम्हीच ना? अजून कोण आहे इथं?" अजूनही कधी कधी विचारतात. मी नाव सांगतो.

उद्या पहाटे साडेचारला उठायचं आहे. तिऱ्ह्याची वाट धरायची. बुवांच्या जोडीला उद्या नामदेव आहे, टँकरवरचा नव्हे, मळ्यातला.

बुवा, मी बोलायचं थांबवतो आहे. माईक आता अध्यक्षांकडं देतोय. मी तुमच्या मागं खांबाजवळ बसायला जातो, तुमच्या डाव्या हाताला मृदंगवाले आहेत.

रामकृष्ण हरी.